दोन्ही आरसे शाबूत

मराठीत काही शब्दांचं नशीबच वाईट. ‘शहाणा’ हा त्यातला पहिला. ‘शहाणाच आहेस!’ असं कुणी म्हटलं, की शाळकरी पोरसुद्धा मान खाली घालतं. ‘पराक्रम’ लढाईपेक्षा स्वयंपाकघरात जास्त ऐकू येतो, आणि तोही दूध उतू गेल्यावर. दिवाळीचे चार दिवस सोडले तर ‘दिवे लावणं’ वर्षभर परीक्षेच्या निकालाशीच बांधलेलं. ‘धन्य आहे तुमची’ म्हटल्यावर खरोखर धन्य वाटलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

हे सगळं आपल्याला कळतं कसं? समोरचा बोलतो एक, त्याला म्हणायचं असतं दुसरंच, आणि तरी मधल्या मध्ये काही सांडत नाही. मी भाषा शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि राहतो निगडीच्या प्राधिकरणात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचाही आहे आणि शेजारपाजारचाही. 1972 साली इथे नवनगर वसवायला प्राधिकरण नेमलं गेलं, ते मुख्यतः कारखान्यांत काम करणाऱ्यांना घरं मिळावीत म्हणून. मग साताऱ्याची, सोलापूरची, खानदेशातली, मराठवाड्यातली, कोकणातली माणसं आपापली भांडीकुंडी आणि आपापले टोमणे घेऊन शेजारीशेजारी राहायला आली. तिरकस बोलण्याचा अभ्यास करायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

या प्रश्नाची दोन मोठी उत्तरं आहेत. पहिलं पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाचं. 1967 साली त्यांनी हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली आणि त्यातलं संभाषणावरचं व्याख्यान 1975 मध्ये छापून आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. दोन माणसं बोलतात तेव्हा ती एकमेकांना सहकार्य करत असतात, आणि म्हणून काही नियम न सांगता पाळतात. हवी तेवढीच माहिती द्यायची, खोटं वाटतं ते बोलायचं नाही, विषयाला धरून बोलायचं, स्पष्ट बोलायचं. आता यातला एखादा नियम चोरून मोडला तर ती फसवणूक. पण समोरच्याला दिसेल असा, अगदी डोळ्यात डोळे घालून मोडला, तर ऐकणारा थबकतो आणि म्हणतो, याला यातून काहीतरी वेगळं सांगायचं आहे. उपरोधात मोडला जातो तो खरेपणाचा नियम.

एक साधं उदाहरण घेऊ. भाचा म्हणाला होता, ‘मावशी, आठला जेवायला येतो.’ आला साडेनऊला. मावशी दार उघडून म्हणते, ‘ये रे बाबा. किती लवकर आलास!’ ग्राइस यांच्या हिशेबाने भाच्याच्या डोक्यात काय घडतं? मावशी म्हणते लवकर आलास. हे उघड खोटं आहे. मावशीला ते माहीत आहे, मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही मावशीला माहीत आहे. बरं, मावशी काही बोलणं तोडायला निघालेली नाही, ताट वाढते आहे. म्हणजे तिला या वाक्याच्या जवळचं दुसरं काही म्हणायचं असणार. सगळ्यात जवळचं काय? त्याच्या उलट. म्हणजे, ‘फार उशिरा आलास.’ भाचा ओशाळून चपला काढतो. हिशेब जुळला.

आपल्याकडे हे नवीन नाही. संस्कृत काव्यशास्त्रात विपरीत लक्षणा आहे, आणि शाळेच्या व्याकरणात व्याजस्तुती आहे, स्तुतीच्या आडून निंदा नाहीतर निंदेच्या आडून स्तुती. त्या पुस्तकांतही किल्ली तीच: उलटं करून वाचा. ग्राइस यांनी त्या किल्लीला तर्काची पायरी-पायरी लावून दिली, आणि ते काम लहान नव्हतं.

अडचण अशी, की ही किल्ली बऱ्याच कुलपांना लागतच नाही.

आमच्या सोसायटीच्या फाटकात कुणीतरी मोटारसायकल आडवी लावून जातो. कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी बोलत नाही. एकदा तिसऱ्या मजल्यावरचे दादा, आयुष्यभर टूलरूममध्ये मायक्रोमीटर हातात धरलेला माणूस, त्या मोटारसायकलला वळसा घालून आत आले आणि शांतपणे म्हणाले, ‘आपल्या सोसायटीत सगळे सुशिक्षित लोक राहतात.’ आता यात खोटं काय आहे? शब्दन् शब्द खरा आहे. तीन इंजिनिअर, दोन शिक्षक, एक वकील, आणि मोटारसायकलवाला स्वतः पदवीधर. खरेपणाचा नियम मोडलेलाच नाही. वाक्य उलटं करून पाहा: ‘आपल्या सोसायटीत अडाणी लोक राहतात.’ दादांना हे म्हणायचं नव्हतं. ते म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. त्यांनी म्हटलं त्यामुळे मोटारसायकल हलली.

प्रश्नांचं तर विचारूच नका. आमटी इतकी खारट झाली आहे की जिभेला चटका बसावा, आणि सासरे सुनेला नव्हे, स्वतःच्या मुलाला, कारण त्या दिवशी आमटी त्याने केलेली, विचारतात, ‘मिठाचा डबा देऊ का रे, थोडं वरून घालायला?’ प्रश्न खरा नसतो आणि खोटाही नसतो, त्याला उलटं कसं करायचं? ‘डबा देऊ नको का’ हे त्याचं उत्तर नव्हे. तरी जेवणाऱ्या सगळ्यांना टोमणा पोचतो, मुलाला जरा जास्तच.

आणखी एक शंका आहे आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. ‘तू उशिरा आलास’ एवढंच सांगायचं होतं तर मावशीने ते सरळ का सांगितलं नाही? खोटं बोलायचं, ते खोटं आहे हे समोरच्याने ओळखायचं, मग उलटं करून सरळ वाक्य काढायचं, आणि एवढ्या खटाटोपानंतर हातात काय, तर जे दोघांनाही आधीच दिसतंय ते. घड्याळ भिंतीवर होतंच.

ग्राइस यांचा मोठेपणा असा, की स्वतःच्या सिद्धांतातलं भोक त्यांनी स्वतःच दाखवलं. 1978 मध्ये छापलेल्या पुढच्या टिपणात त्यांनी एक प्रसंग दिला आहे. दोघे मित्र रस्त्याने चाललेत, समोर काच फुटलेली मोटार उभी. एक म्हणतो, ‘बघ, या गाडीच्या सगळ्या काचा शाबूत आहेत.’ दुसरा गोंधळतो. पहिला म्हणतो, ‘अरे, मी उपरोधाने फुटलेल्या काचेकडे लक्ष वेधत होतो.’ सगळं नियमाप्रमाणे झालं. वाक्य उघड खोटं, दोघांनाही ते दिसतंय, उलट अर्थ अगदी समोर. आणि तरी उपरोध झाला नाही. नुसताच वेडेपणा झाला.

हा प्रसंग आपण भक्ती-शक्ती चौकात आणून बघू. शिवाजी महाराज आणि तुकोबांच्या भेटीच्या शिल्पासमोर, जुन्या पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला एक स्कूटर उभी आहे आणि तिचा डावा आरसा गायब आहे. दादा आणि मी फिरायला निघालोय. दादा म्हणतात, ‘बघा, या स्कूटरचे दोन्ही आरसे शाबूत आहेत.’ मी दादांकडे बघेन, मग त्यांना रात्री झोप लागली होती का ते विचारेन.

आता यात एकच गोष्ट बदलू. स्कूटर दादांचीच आहे. ती चार दिवस गॅरेजमध्ये पडून होती आणि गॅरेजवाला काल छातीठोकपणे सांगत होता, ‘दादा, टकाटक करून ठेवलीय, कुठं बोट ठेवायला जागा नाही.’ आज आम्ही ती आणायला गेलो. डावा आरसा गायब. दादा स्कूटरभोवती एक चक्कर मारतात आणि म्हणतात, ‘वा! दोन्ही आरसे शाबूत.’ मला हसू आवरत नाही आणि गॅरेजवाला आरसा शोधायला आत पळतो.

वाक्य तेच, स्कूटर तीच, गायब आरसाही तोच. खोटेपणा दोन्हीकडे सारखाच उघडा. पहिल्या वेळी वेडेपणा आणि दुसऱ्या वेळी नेमका टोमणा. फरक कशाचा? दुसऱ्या वेळी ते वाक्य दादांचं नव्हतं. ते गॅरेजवाल्याचं होतं. दादांनी त्याचं बोलणं त्याच्याच समोर उचलून धरलं आणि चेहऱ्याने म्हटलं, बघा, हे म्हणत होते.

इथे दुसरं उत्तर येतं. डॅन स्पर्बर हे फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ आणि डीअर्ड्रे विल्सन या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ. दोघांनी 1981 मध्ये उपरोधावर एक लेख लिहिला आणि 1986 मध्ये प्रस्तुततेच्या सिद्धांताचं अख्खं पुस्तक. त्यांच्या मते ऐकणारा नियमांची यादी तपासत बसत नाही. त्याला एकच अपेक्षा असते: समोरचा माझं लक्ष मागतोय, म्हणजे त्या कष्टाच्या बदल्यात मला काहीतरी मिळणार. मग तो सगळ्यात कमी कष्टात जो अर्थ हाती लागतो तो बघतो, आणि अपेक्षा पुरी झाली की तिथेच थांबतो. उपरोधात जे मिळतं ती जगाबद्दलची माहिती नसते. आरसा नाही हे मला दिसतच होतं. मिळतं ते दादांचं मत, आणि तेही आरशाबद्दल नाही, गॅरेजवाल्याच्या बोलण्याबद्दल. ते बोलणं किती पोकळ होतं, याबद्दल. मावशीने सरळ का सांगितलं नाही, याचं उत्तर इथे मिळतं. तिला वेळ सांगायची नव्हतीच. भाच्याचं ‘आठला येतो’ त्याला परत दाखवायचं होतं.

याला ते प्रतिध्वनी म्हणतात. दुसऱ्याचं बोलणं किंवा विचार आपण उच्चारतो आणि त्याच वेळी त्यापासून अंग झटकतो. दोन्ही गोष्टी हव्यात. नुसता प्रतिध्वनी म्हणजे उपरोध नव्हे. ‘पोहे छान झालेत,’ असं एकाने म्हटलं आणि दुसऱ्याने घास घेऊन ‘छान झालेत!’ म्हटलं, तर तो प्रतिध्वनीच आहे, पण मान्यतेचा. तिसऱ्याने बशी थोडी दूर सारून, आवाज सपाट ठेवून, ‘छान झालेत’ म्हटलं की घरातलं हवामान बदलतं. शब्द तेच. बदलली ती बोलणाऱ्याची त्या शब्दांशी असलेली सोयरीक.

दादांच्या ‘सुशिक्षित’ वाक्याचंही कोडं आता सुटतं. ते वाक्य खरं की खोटं हा प्रश्नच गैरलागू. आम्ही सगळे सुशिक्षित, ही सोसायटी चांगल्या लोकांची, हा आमचा स्वतःबद्दलचा समज वर्षानुवर्षं वार्षिक सभेत गिरवला गेलेला आहे. दादांनी तो समज मोटारसायकलशेजारी नेऊन उभा केला, एवढंच. मिठाच्या डब्याचा प्रश्नही तसाच: जेवताना यजमान आपुलकीने जे विचारतो, ते नको त्या दिवशी विचारलं.

म्हणजे प्रतिध्वनी प्रत्येक वेळी कुणाच्या तोंडच्या वाक्याचाच असतो असं नाही. तो मनातल्या अपेक्षेचा, रीतीचा, सगळ्यांना मान्य असलेल्या चांगुलपणाचाही असतो. आणि यातूनच एक फार सुंदर गोष्ट निघते, जी ग्राइस यांच्या मांडणीतून काही केल्या निघत नाही. वाईट गोष्टीला चांगलं म्हणून टोमणा मारणं केव्हाही जमतं. चांगल्या गोष्टीला वाईट म्हणून मारणं मात्र सहसा जमत नाही. रस्ता खणलेला असेल तर ‘काय रस्ता आहे!’ कुणीही म्हणावं. रस्ता गुळगुळीत असताना ‘काय भिकार रस्ता आहे!’ म्हटलं तर लोक चष्मा तपासून घ्यायला सांगतील. खोटेपणा दोन्हीकडे सारखा, उलट करणं दोन्हीकडे सारखं सोपं. मग हा पंक्तिप्रपंच का? कारण रस्ता चांगला असावा ही अपेक्षा हवेत कायम असते, तिला उचलायला परवानगी लागत नाही. रस्ता वाईट असावा अशी अपेक्षा कुणाचीच नसते. ती कुणीतरी आधी बोलून दाखवावी लागते.

आणि ते बोलून दाखवणारे असतातच. माझे एक मेहुणे पुण्याच्या पेठेत जन्मले, वाढले आणि निवृत्त झाले. त्यांच्या नकाशात पुणे संचेतीच्या पुलापाशी संपतं. निगडी हा शब्द ते अशा सुरात उच्चारतात की ऐकणाऱ्याला तंबू, कंदील आणि बरोबर घ्यायचं दशम्यांचं गाठोडं दिसावं. ‘तुमच्याकडे यायचं म्हणजे मुक्कामाच्याच तयारीने यावं लागतं,’ ‘तिकडे मिळतं का हो सगळं?’ हे त्यांचं नेहमीचं. एकदा आले. माझ्या पत्नीने त्यांना समोरच्या दुकानातून आणलेलं श्रीखंड वाढलं, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात त्यांचा रक्तदाब तपासून आणला, जाताना त्यांना त्यांच्या आवडीचा कात अडकित्त्यासकट मिळवून दिला. ते निघताना ती म्हणाली, ‘भावोजी, जपून जा हं. आमच्याकडे जंगल आहे, काही मिळत नाही.’ चांगल्या गोष्टीला वाईट म्हटलं, आणि टोमणा सरळ जाऊन बसला. कारण ते वाक्य तिचं नव्हतं, भावोजींचं होतं. हेच वाक्य तिने शेजारच्या वहिनींना म्हटलं असतं, ज्यांनी कधी तक्रार केली नाही, तर वहिनी काळजीत पडल्या असत्या.

हा भेद प्रयोगांतही दिसलेला आहे. 1984 मध्ये ज्युलिया जॉर्गेन्सन, जॉर्ज मिलर आणि स्पर्बर यांनी लोकांना छोट्या गोष्टी वाचायला दिल्या. प्रत्येकीच्या शेवटी तिरकस वाक्य. एका रूपात ते वाक्य ज्याचा प्रतिध्वनी ठरेल असं काही आधी घडलेलं, दुसऱ्या रूपात तेवढंच गाळलेलं. पहिल्या रूपात लोकांना उपरोध जास्त ओळखू आला. 1989 मध्ये क्रूझ आणि ग्लक्सबर्ग यांनी वर सांगितलेला चांगल्या-वाईटाचा भेद तपासला आणि तो तसाच निघाला.

मराठीला मात्र प्रयोगशाळेत जायची तशी गरज नव्हती. आपल्या हाताशी ‘म्हणे’ आहे. ‘एक राजा होता म्हणे’ यात ‘म्हणे’ एवढंच सांगतो की ही बातमी माझी नाही, मी ऐकलेली आहे. पण ‘आठला येणार म्हणे!’ हे साडेनऊला म्हणून बघा. किंवा ‘टकाटक म्हणे!’ शब्द तोच, काम तेच: हे माझं नाही, दुसऱ्याचं आहे. फक्त पहिल्यात बोलणारा ते नुसतं पोचवतो आणि दुसऱ्यात ते चिमटीत धरून दाखवतो. स्पर्बर आणि विल्सन यांना जे सिद्ध करायला पानं खर्ची घालावी लागली, ते आपल्या आज्या वाक्याच्या शेवटी दोन अक्षरं लावून करत आल्या आहेत. अर्थात ‘म्हणे’ लावला की अर्धी मजा जाते. ज्याचं वाक्य आहे त्याचं नाव जवळपास घेतल्यासारखंच होतं. अस्सल टोमण्याला ‘म्हणे’ लागत नाही. ग्राइस यांनीही हेरलं होतं, की रूपकाआधी ‘रूपकाने बोलायचं तर’ अशी प्रस्तावना चालते, उपरोधाआधी ‘उपरोधाने बोलायचं तर’ असं म्हटलं की सगळं पाण्यात.

उपरोध आणि टोमणा यांत फरक काय, हे मला विद्यार्थी नेहमी विचारत. उलट अर्थाच्या हिशेबात याचं उत्तर देता येत नाही, कारण उलट अर्थाला कुणी शत्रू नसतो. प्रतिध्वनीत मात्र वाक्याचा मूळ मालक असतो. तो कुणीच खास नसेल, नुसती जगाकडून असलेली अपेक्षा असेल, तर तो हलका उपरोध: पावसात सहल बुडाली आणि ‘काय छान हवा पडलीय!’ म्हटलं, तर घाव कुणालाच नाही. मालक समोर किंवा भिंतीपलीकडे असेल तर टोमणा. आणि तो समोरच असावा असंही नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण ज्यांनी केली त्यांना हे पुरतं माहीत होतं, की ज्याच्याशी बोलतो तो एक आणि ज्याला लागतं तो दुसरा, हे दोन्ही एकाच वाक्यात बसतात. दादा फाटकात माझ्याशी बोलत होते. लागलं तिसऱ्यालाच.

आता प्रतिध्वनीच्या सिद्धांताचीही झडती घ्यायला हवी, कारण मला त्याची बाजू पटते म्हणून तो निर्दोष ठरत नाही. मुख्य तक्रार अशी, की ‘कुणाच्याही बोलण्याचा, विचाराचा, अपेक्षेचा प्रतिध्वनी’ असं म्हटलं की त्यात काहीही बसतं. असा सिद्धांत कधी हरणारच नाही, आणि जो हरू शकत नाही त्याला जिंकण्याचंही श्रेय नाही. याला माझं उत्तर एवढंच, की अपेक्षा खरोखर त्या दोघांच्या मनात जिवंत असावी लागते. भक्ती-शक्ती चौकातल्या अनोळखी स्कूटरबद्दल ‘तिचे आरसे शाबूत असावेत’ अशी कुणाची जिवंत अपेक्षा नव्हती, म्हणून तिथे सिद्धांत ‘उपरोध होणार नाही’ असं आधीच सांगतो. म्हणजे तो हरण्याची जोखीम घेतो.

दुसरी तक्रार जास्त अवघड आहे आणि ती आपल्या घरातली आहे. मुलगा पहिल्या पगारातून आईला साडी आणतो. आई डोळे पुसत म्हणते, ‘मेल्या, कुणी सांगितले होते नसते उद्योग!’ चांगल्याला वाईट म्हटलेलं आहे आणि कुणी आधी तक्रार केलेली नाही. उचलायला कुणाचं वाक्यच नाही. ओढूनताणून म्हणता येईल की काटकसरीच्या रीतीचा हा प्रतिध्वनी आहे, पण मला ते पटत नाही. इथे आई रागाचं सोंग करते आहे. हर्बर्ट क्लार्क आणि रिचर्ड गेरिग यांनी 1984 मध्ये नेमकी हीच बाजू मांडली, की उपरोधात बोलणारा एखाद्या भोळ्या किंवा मूर्ख माणसाचं सोंग घेतो. बीज पुन्हा ग्राइस यांच्याकडे सापडतं. काच फुटलेल्या मोटारीच्या त्याच टिपणात ते म्हणून गेले होते, की उपरोधात बतावणी असते आणि भावना, मूल्यमापन असतं. पुढे त्यांनी ते फारसं वाढवलं नाही. आईच्या ‘मेल्या’ला मी उपरोध म्हणणारच नाही, ते लाडाचं सोंग आहे. पण एवढं म्हटलं की सोंगवाल्यांना एक जागा सोडावी लागते, आणि ती मी सोडतो.

लहान मुलांकडे पाहिलं की प्रतिध्वनीची बाजू पुन्हा भक्कम होते. चार वर्षांच्या नातीला ‘किती छान भिंत रंगवलीस!’ म्हटलं तर ती दुसरी भिंत घेते. साधारण सहाच्या आसपास मुलांना उपरोध उमगायला लागतो. नुसतं उलटं करायचं असतं तर याहून लवकर जमलं असतं, कारण ‘नाही’ म्हणणं मुलं सगळ्यात आधी शिकतात. अवघड आहे ते वेगळंच: आजोबा काय विचार करतात एवढं ओळखून भागत नाही, आजोबा दुसऱ्या कुणाच्या विचाराबद्दल काय विचार करतात ते ओळखावं लागतं. फ्रान्सेस्का हापे यांनी 1993 मध्ये स्वमग्न व्यक्तींसोबत केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं. ज्यांना दुसऱ्याच्या मनातला विचार ओळखता येत होता त्यांना रूपक कळलं. उपरोध मात्र ज्यांना विचाराबद्दलचा विचार ओळखता येत होता त्यांनाच कळला.

आणि मोबाइलवर आपण सगळेच थोडे चार वर्षांचे होतो. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी ‘लिफ्ट सोमवारी चालू होईल’ असं टाकलं. मंगळवारी पाचव्या मजल्यावरून एक संदेश आला: ‘लिफ्टबद्दल धन्यवाद.’ चौघांनी हात जोडले, दोघांनी फुलं पाठवली, एका काकूंनी ‘चालू झाली का? छान!’ लिहिलं आणि गुडघे सांभाळत खाली उतरून बघून आल्या. आवाज नाही, भुवई नाही, आणि मुख्य म्हणजे सोमवारचा संदेश वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली गाडला गेलेला. मूळ वाक्यच नजरेआड, मग प्रतिध्वनी कशाचा ऐकू येणार? यात काकूंची काही चूक नाही.

तेव्हा माझा कौल असा. उघड खोटं बोलणं ही एक खूण आहे, ती ग्राइस यांनी नीट दाखवली, आणि बऱ्याचदा आपण त्या खुणेनेच जागे होतो. पण खूण म्हणजे उपरोध नव्हे. उपरोध घडतो तो कुणाचं तरी वाक्य, कुणाचा तरी समज परत केल्याने, आणि हे स्पर्बर-विल्सन यांनी जास्त खरं ओळखलं. यापुढे कुणी तुमच्याशी गोड बोललं आणि तुम्हाला शंका आली, तर ‘याच्या उलट काय?’ हे शोधत बसू नका. ‘हे वाक्य मूळचं कुणाचं?’ असं विचारा. उत्तर ‘माझंच’ असं आलं, तर वाद घालू नका, आरसा बसवून द्या.